चेन्नईहून रिकामं येण्याचा खर्च

म्हैसूरच्या हेब्बाळ भागातल्या कारखान्यात मी गेली कित्येक वर्षं माल भरतोय. यंत्राचे ओतीव लोखंडी भाग, एका ट्रकमध्ये अठरा टन, म्हैसूर ते चेन्नई. अंतर चारशे ऐंशी किलोमीटर. टोल कारखाना वेगळा देतो, मला भाडं टनामागे किलोमीटरला पावणेचार रुपये. सुरुवात मी देवराज मोहल्ल्यात भाड्याच्या टेम्पोतून पोती वाहून केली होती. त्यामुळे भाव कसा करायचा हे मला कुणी शिकवायची गरज नाही, असा माझा समज होता.

कारखान्यात खरेदी विभागाला नव्या मॅडम आल्या. पुण्याच्या. त्यांचं मराठी स्वच्छ, माझं घरचं मराठी निम्मं कन्नड. पहिल्याच भेटीत मी "स्वल्प थांबा मॅडम" म्हणालो तर त्या खुदकन हसल्या. आमचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या फौजेत आले, तेव्हापासून आम्ही असंच बोलतो. मी ते हसू लक्षात ठेवलं. मी अशा गोष्टी लक्षात ठेवतो.

एके सकाळी त्यांनी बोलावलं आणि सरळ सांगितलं, "काका, कंपनी स्वतःचा ट्रक घेतेय. तुम्हाला पावणेचार देतो, आम्हाला दोनात पडतं."

माझं डोकंच फिरलं. हा माल गेला तर माझ्या दोन ट्रकांपैकी एक उभा राहणार होता. म्हणालो, "दोनात? दोन रुपयांत हल्ली टायरमध्ये हवा तरी भरून मिळते का?"

"मांडून दाखवते," म्हणून त्या फळ्याकडे गेल्या. ट्रक महिन्याला आठ हजार किलोमीटर धावणार. डिझेल नव्वद रुपये लिटर, लिटरला चार किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला साडेबावीस. ड्रायव्हरचा पगार-भत्ता छत्तीस हजार, म्हणजे साडेचार. दहा टायर दोन लाखांचे, ऐंशी हजार किलोमीटर चालणार, म्हणजे अडीच. विमा वर्षाला चौऱ्याऐंशी हजार. ट्रक बत्तीस लाखांचा, आठ वर्षांनी आठ लाखांना विकला, तर घसारा वर्षाला तीन लाख. विमा आणि घसारा मिळून किलोमीटरला चार. दुरुस्ती, कर वगैरे अडीच. एकूण छत्तीस. भागिले अठरा टन, दोन रुपये.

आकडे खरे होते, म्हणूनच मला जास्त राग आला. मी फळा पुन्हा वरपासून वाचला. आणि मग मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठलोच.

"मॅडम, तुमचा ट्रक चेन्नईला गेला. माल उतरवला. मग काय केलं त्यानं? तिथेच संसार थाटला?"

"परत आला."

"काय घेऊन?"

चेन्नईहून आणण्यासारखं कारखान्याकडे काहीच नव्हतं. मीच खडू घेतला. जाऊन-येऊन नऊशे साठ किलोमीटर, गुणिले छत्तीस. पण माल वाहिला फक्त चारशे ऐंशी किलोमीटर. खर्च दोन्ही वाटांचा, वजन एकाच वाटेचं. "हे लेक्क, म्हणजे हिशेब, दोनाचं नाही, चाराचं आहे. घ्या ट्रक, सावकाश घ्या, पेढे मी आणतो."

मॅडम मोठ्यानं हसल्या. या वेळी हसू बरं वाटलं, कारण ते त्यांच्या स्वतःवर होतं. मी खडू ठेवून निघालोही होतो.

"काका, बसा. ट्रक नाही घेत आम्ही. पण मग तुमचं पावणेचारात कसं भागतं?"

"माझं कर्ज फिटलंय. हप्ता नाही. ट्रक मला फुकट पडतो."

त्यांनी छत्तीसातून घसारा वजा केला आणि दोन्ही वाटा धरून पुन्हा भागाकार केला. तीन रुपये पासष्ट पैसे. "म्हणजे तुम्हाला वाटतं दहा पैसे सुटतात. सुटत नाहीत काका, पंचवीस पैसे जातात. चार वर्षांनी ट्रक म्हातारा होईल तेव्हा नवा कशातून घेणार? तुम्ही तुमचाच ट्रक तुकडे तुकडे करून आम्हाला विकताय."

आम्ही ट्रकवाले सगळे असंच धरतो: हप्ता संपला की सुटका.

"आणि ज्याचा ट्रक उभा राहील अशा माणसाशी मला करार नकोय," त्या म्हणाल्या. "होसूरचा एक जण तीन रुपये दहा पैशांत यायला तयार आहे. तो येताना भरून येतो. तुम्ही का नाही येत? सोमवारी भाव सांगा."

का नाही येत ते मी त्यांना सांगितलं नाही. चेन्नईत परतीचा माल मिळवून देणारा दलाल म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्यानं तीन वर्षांपूर्वी मला माल कबूल केला, माझा ट्रक दोन दिवस उभा ठेवला आणि माल सेलमच्या एका ट्रकला दिला. वर घरच्या जेवणात म्हणाला, "दाजी, धंद्यात असं चालतंच." मी ताटावरून उठलो होतो. तेव्हापासून ट्रक चेन्नईहून रिकामे येत. दुसरा दलाल शोधला असता, तर तिथल्या बाजारात त्याच्या कानावर गेलं असतं की मला गरज आहे.

घरी बायकोपुढे सगळं मांडलं. तिनं भाजी चिरता चिरता विचारलं, "रिकाम्या वाटेचा खर्च किती?"

रिकामा ट्रक लिटरला साडेचार किलोमीटर देतो, तेवढं डिझेल कमी धरलं. "साडेतेहतीस गुणिले चारशे ऐंशी. सोळा हजार ऐंशी."

"अय्यो! माझ्या भावावरचा राग दर फेरीला सोळा हजारांचा? एवढा तर माझा हुंडाही नव्हता."

मी तावातावानं बाहेर गेलो. मग परत येऊन फोन लावला.

"दाजी!" मेहुणा ओरडला. "तब्येत बरी आहे ना?"

"तुझ्यापेक्षा बरी. परतीचा माल आहे?"

"तूरडाळ आहे, देवराज मोहल्ल्यातल्या व्यापाऱ्याची. अठरा टन, हवं तेव्हा. टनामागे किलोमीटरला एक चाळीस देतो."

"एक सत्तर. तुझी दलाली त्यातूनच. आणि ट्रक एक दिवसापेक्षा जास्त उभा राहिला तर दिवसाचे चार हजार तुझ्या खिशातून."

"घरच्या माणसाला दंड?"

"घरच्या माणसालाच. परक्याकडे मी आगाऊ मागितले असते."

दहा पैसे दलाली कापून हातात एक साठ येणार, यावर सौदा ठरला. दोन्हीकडून भरल्यावर ॲव्हरेज उतरतं, म्हणून मी टनामागे किलोमीटरचा खर्च दोन रुपये चौदा पैसे धरला, घसाऱ्यासकट. दोन वाटांचे चार अठ्ठावीस. त्यातले एक साठ मेहुण्याकडून, कारखान्याकडून काढायचे उरले दोन अडुसष्ट.

सोमवारी मॅडमना तीन वीस सांगितले.

"दोन नव्वद," त्या म्हणाल्या.

"मग होसूरवाल्यालाच बोलवा! सुम्ने, उगाच लोकांचा वेळ घालवता!" मी उठलो, दारापर्यंत गेलो. दार उघडायला मुद्दाम वेळ लावला.

"तीन. आणि वर्षाचा करार."

"डिझेल वाढलं तर भाडं वाढेल."

"वाढेल. पण उतरलं तर उतरेलही."

त्यावर मी चहा मागितला. मॅडम म्हणाल्या, "स्वल्प थांबा काका, सांगते." मी त्यांच्याकडे बघितलं, त्या माझ्याकडे, आणि आम्ही दोघंही हसलो.

पहिली डाळ आली तेव्हा मी गोदामाशी उभा होतो. ट्रक वेळेवर, चाकं दबलेली, ताडपत्री टम्म. ड्रायव्हर खाली उतरला आणि म्हणाला, "अण्णा, तीन वर्षांनी पहिल्यांदाच परतीला धक्के कमी बसले. रिकामा ट्रक फार उडतो हो."

मग त्यानं केबिनमधून एक डबा काढून दिला. मेहुण्यानं बहिणीसाठी चकलीसारखे मुरुक्कू पाठवले होते. मी उघडून एक खाल्ला. चांगले होते. बायकोला फोन करून सांगितलं, "तुझ्या भावाचा माल वेळेवर आला. राग मात्र अजून आहे."

"ठेवा की," ती म्हणाली. "पण आता ट्रकमध्ये जागा नाही. घरीच ठेवा."