बाबा गेले, म्हणजे कुठे?

आमचे हे चष्म्याच्या कारखान्यात काचा घासतात. काचेतली केसाएवढी चूक यांच्या बोटाला कळते. बोलण्यातली चूक मात्र समोरच्याचं तोंड वाकडं झाल्याशिवाय कळत नाही. आणि फोनवर तोंड दिसत नाही, तिथेच त्या रविवारी सगळा घोळ झाला.

शेजारच्या मशीनवर लंबू असतो. यांचा जिवाभावाचा माणूस. महिनाभर त्याचे वडील त्याच्याकडे राहायला होते आणि रोज डबा खाताना लंबूचं एकच गाऱ्हाणं, बाबा पंखा बंद करतात, बाबा रेडिओ मोठ्याने लावतात. हेही माना डोलवायचे. शनिवारी लंबू म्हणाला, "बाबा उद्या सकाळच्या बसने ताईकडे निघतायत."

रविवारी सकाळी लंबूचा मेसेज आला. दोनच शब्द. "बाबा गेले."

यांनी चहाचा कप खाली न ठेवता उत्तर ठोकलं. "वा! सुटलास एकदाचा. नीट पोचले की कळव."

थोड्या वेळाने कारखान्याच्या ग्रुपवर साहेबांचा मेसेज आला. आपल्या सहकाऱ्याच्या वडिलांचं आज पहाटे झोपेतच निधन झालं. हे माझ्याकडे बघायला लागले, मी यांच्याकडे.

"अगं, पण ते तर ताईकडे गेले ना?"

"अहो, गेले म्हणजे गेले!"

यांनी फोनवर झडप घातली. मग घाईघाईने मेसेज पुसायला गेले आणि भलतंच बटण दाबलं. मेसेज यांच्या फोनवरून पुसला गेला, लंबूच्या फोनवर तसाच राहिला. वर त्याने तो वाचल्याच्या निळ्या खुणा मी आधीच पाहिल्या होत्या. आता यांना आपण नक्की काय लिहिलं होतं तेही आठवेना. "सुटलास म्हणालो का सुटलो?" असं मलाच विचारायला लागले. कपाळ माझं!

फोन लावला तर सारखा व्यस्त. आता त्याच्या शेजारी उभं कसं राहायचं, या एकाच विचाराने माणूस रडकुंडीला आला होता. ग्रुपवर तोवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. त्यातलाच एक मजकूर यांनी उचलला. भावपूर्ण श्रद्धांजली, ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.

"हे चौकातल्या फलकावर लिहितात," मी म्हटलं. "मित्राला नाही."

"मग खंबीर राहा असं लिहू?"

"त्याला आज रडू द्या की."

"कसं झालं, विचारू?"

"सकाळपासून तो तेच सांगत बसला असेल. पुन्हा तुम्हाला कशाला सांगायचं?"

मग यांनी माफीच लिहायला घेतली. मला वाटलं बस, तू शनिवारी म्हणाला होतास, माझा हेतू तसा नव्हता... बोट थांबेचना. मी फोन काढून घेतला. "वडील त्याचे गेलेत आणि रडगाणं तुमचं? माफी एका ओळीत मागा. मग म्हाताऱ्याबद्दल काहीतरी लिहा, तुमच्या डोळ्यांनी पाहिलेलं. आणि काही लागलं तर सांग, हे नको. कुणी सांगत नाही. तुम्ही काय करणार तेवढं लिहा."

यांनी फोन परत घेतला. मग म्हणाले, "ते चष्मा घ्यायला आले होते तेव्हा मीच काच बसवून दिली होती. त्यांनी पहिल्यांदा लंबूकडेच बघितलं आणि म्हणाले, अरेच्चा, याचे केस पांढरे झाले की! काढ रे हा चष्मा, आधीच बरं दिसत होतं." सांगता सांगता हे हसले.

"हेच लिहा," मी म्हटलं.

शेवटी गेलं ते असं: "सकाळी मी चुकीचं समजलो, माफ कर. बाबांनी नव्या चष्म्यातून पहिल्यांदा तुझे पांढरे केस पाहिले, ते मी विसरणार नाही. तुझ्याशिवाय त्यांना दुसरं काही बघायचंच नव्हतं. या आठवड्यात तुझ्या मशीनचं काम मी उरकतो, साहेबांशी बोलतो. उत्तर देऊ नकोस."

उत्तर देऊ नकोस असं लिहून हे उत्तराची वाट बघत बसले. फोन उलटा ठेवायचे, सुलटा करायचे. जेवण गार झालं. मलाही घास जाईना, खोटं कशाला बोलू.

दुपारी फोनवर मेसेज वाजला. यांनी फोन माझ्याच हातात दिला.

"सुटलो नाही रे. बाबांची भरलेली बॅग अजून दारातच आहे. आत ठेवायला हात होत नाही. तू ये."

यांनी ते पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. "म्हणजे रागावलाय की नाही? मला काही कळत नाहीये गं."

"मलाही नाही कळत," मी म्हटलं. "चपला घाला."