‘एक’ म्हणजे किती

संयुक्त महाराष्ट्राच्या सभा जोरात होत्या तेव्हा मी दादरच्या एका शाळेत गणित शिकवत होते. फळ्याशेजारच्या पाटीवर दर सोमवारी एक कोडं लागे. एकदा आमच्या ज्येष्ठ गणित शिक्षकांनी इंग्रजीतलं एक कोडं मला मराठीत करायला दिलं. ‘शक्यता’ लिहावं की ‘संभाव्यता’, यातच माझा मधल्या सुट्टीचा चहा निवला. शेवटी लिहिलं : एका घरात दोन भावंडं आहेत. त्यांतला एक मुलगा आहे. दोघंही मुलगे असण्याची शक्यता किती?

उत्तर एक तृतीयांश. मुलगा-मुलगा, मुलगा-मुलगी, मुलगी-मुलगा, मुलगी-मुलगी असे थोरल्या-धाकट्याचे चार प्रकार सारखेच संभवतात. शेवटचा गेला, उरलेल्या तिनांत एकच हवा तो.

दुपारी अकरावीतली एक मुलगी आली. “बाई, उत्तर शून्य ना? दोन मुलगे असते तर ‘एक मुलगा आहे’ असं कोण म्हणेल?”

तिचं मराठी चोख होतं. शिक्षकांच्या खोलीत गणिताच्या सरांना सांगितलं. ते हसले नाहीत. “तिचं बरोबर. ‘निदान एक’ लिहा.”

तेवढ्यात विज्ञानाचे शिक्षक म्हणाले, “तरीही उत्तर निम्मंच. परवा हिंदमाताच्या नाक्यावर एक ओळखीचे भेटले, बरोबर मुलगा होता. घरी आणखी एक मूल आहे म्हणाले. घरचं ते मूल मुलगा की मुलगी, याचा बरोबरच्या मुलाशी काय संबंध?”

“त्या दिवशी कुठलं मूल बरोबर आणायचं, हे त्यांनी कसं ठरवलं?” सरांनी विचारलं.

“कसं म्हणजे? जे हाताशी होतं ते.”

“मग तुमचं निम्मं बरोबर. दोन मुलगे असलेल्या घरातून कोणीही आलं तरी तुम्हाला मुलगाच दिसतो. एक मुलगा, एक मुलगी असेल तिथून निम्म्या वेळाच दिसतो. पण ‘तुम्हाला निदान एक तरी मुलगा आहे का?’ असं विचारून ‘हो’ आलं असेल, तर एक तृतीयांश.”

“आणि थोरला मुलगा आहे असं सांगितलं तर?” मी विचारलं.

“मग फक्त धाकट्याचा प्रश्न उरतो. निम्मं.”

विज्ञानाच्या सरांना पटेना. दोन नाणी काढून ते खिडकीपाशी उडवत बसले. छापा म्हणजे मुलगा, काटा म्हणजे मुलगी; दोन्ही काटे पडले की तो डाव सोडायचा, बाकीच्यांत दोन्ही छापे किती वेळा पडतात ते बघायचं. घंटा झाली तेव्हा, “तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतंय खरं,” एवढंच म्हणाले आणि तासाला गेले.

मी पाटी पुसून नव्यानं लिहिली : एका गृहस्थांना दोन मुलं आहेत. ‘निदान एक तरी मुलगा आहे का?’ असं विचारल्यावर त्यांनी खरं उत्तर दिलं, ‘हो.’ दोघंही मुलगे असण्याची शक्यता किती? ओळ लांबली, अक्षर बारीक काढावं लागलं. त्या मुलीनं ती दोनदा वाचली आणि वही उघडून तिथंच उभ्या उभ्या चार प्रकार मांडायला घेतले.