तीन की चार

सिरील फेरहुल्स्ट वसुलीला निघाले की हातात बॅग नसायची, कागद नसायचा. खांद्यावर पिठाचे डाग पडलेला राखाडी कोट आणि गिरणीची जुनी गाडी, एवढाच त्यांचा सरंजाम. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस पाव आणायला चाललाय.

लेया नदीकाठच्या आमच्या गिरणीतून आसपासच्या दीडशे बेकऱ्यांना पीठ जायचं. पीठ आज, पैसे महिनाभराने, अशी उधारी. या पैशांच्या मागे फिरायचं काम सिरील यांचं. मी हिशेबात, त्यांच्या शेजारच्या टेबलावर. इतकी वर्षं जवळ बसले, पण "पैसे द्या" हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत.

एकदा माझी गाडी बिघडली म्हणून त्यांच्याबरोबर गेले होते, तेव्हा त्यांची पद्धत पाहिली. सकाळची शेवटची भट्टी उतरली की हे मागच्या दाराने आत. समोरच्या दाराने गिऱ्हाइकं येतात, आणि गिऱ्हाइकांसमोर बेकरीवाल्याची शोभा करायची नाही, हा त्यांचा नियम. आत गेल्यावर स्टुलावर बसायचं. एक पाव उचलून त्याच्या बुडावर बोटाने टकटक करायची. गुडघा कसा आहे, मुलगी ओस्टेंडहून आली होती का, असं काहीबाही विचारायचं. कॉफी संपत आली की बेकरीवाला आपणहून बिस्किटांचा डबा खाली काढायचा. त्यात पैसे असायचे.

"आणि डबा निघालाच नाही तर?" मी परतताना विचारलं.

"तो जास्त बोलायला लागतो. पाऊस, फुटबॉल, सासू. तेवढ्यावरून कळतं. मग मी म्हणतो, फिर्मिन, थोडं तरी. तो थोडं देतो. मग मी आपल्या ड्रायव्हरला सांगतो, पुढच्या खेपेला याच्याकडे निम्मीच पोती टाक."

"तो चिडत नाही?"

"चिडतो की! पण निम्म्या पोत्यांचं देणं फेडता येतं, पोरी. पुऱ्या पोत्यांचं नाही फेडता येत."

गिरणीची वर्षाची विक्री चाळीस लाख युरो आणि त्यात बुडीत शंभराला एक. आमच्या धंद्यात हा आकडा सांगितला तर लोक खोटं समजायचे.

जुने मालक गेले आणि त्यांची मुलगी इंगे गादीवर आली. इंगे वाईट नव्हती, हे मी आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून लोक तिलाच शिव्या घालतात. तिला झोप लागत नव्हती. कालव्यापलीकडची मोठी गिरणी दोन महिन्यांची उधारी द्यायला लागली होती आणि आमचे बेकरीवाले तिकडे बघायला लागले होते. इंगेने ठरवलं, आपणही दोन महिने देऊ. घरोघरी जाऊन वसुली करायची पद्धत बंद, ते काम गेंटच्या एका वसुली कंपनीकडे. ती पत्रं पाठवणार, फोन करणार, नाहीच जमलं तर कोर्टाचा माणूस पाठवणार.

ताळा मांडायचं काम माझ्याकडे आलं. विक्री सहा लाखांनी वाढेल असा अंदाज होता. पिठात शंभरामागे वीस सुटतात, म्हणजे जादा नफा एक लाख वीस हजार. वसुलीचा खर्च, म्हणजे सिरील, त्यांची गाडी, पेट्रोल, सगळं धरून साठ हजार होता, काम कंपनीला दिल्यावर तो पस्तीसवर येणार. तिथे पंचवीस वाचले. उलट, दुप्पट दिवस पैसा बाहेर अडकणार, त्या जादा अडकलेल्या पैशाचं व्याज एकतीस हजार. एकूण एक लाख चौदा हजार हातात राहत होते. आता त्यातून वाढीव बुडीत, म्हणजे आताच्या चाळीस हजारांच्या वरचं, वजा करायचं, की निकाल लागला.

इंगेने पहिल्यांदा बुडिताचा दर फक्त नव्या सहा लाखांवर लावला होता. मी म्हटलं, "अहो, जुनी गिऱ्हाइकं काय महिन्यातच देणार आहेत? दोन महिने मिळतात म्हटल्यावर तीही दोन महिने घेतील. दर सगळ्या शेहेचाळीस लाखांवर लावायला हवा." तिने लगेच मान्य केलं. मग हिशेब एका आकड्यावर येऊन अडकला. शंभराला तीन बुडाले तर नव्या पद्धतीत सोळा हजार फायदा. चार बुडाले तर तीस हजार तोटा.

"तीन की चार?" इंगे म्हणाली. "हे कोण सांगणार?"

सांगू शकणारा माणूस एकच होता, आणि नोकरी जाणार होती तीही त्याचीच. निवृत्तीला त्यांना तीन वर्षं उरली होती.

बैठकीच्या आदल्या दिवशी सिरील माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. एकेक बेकरी डोळ्यांसमोर आणून बोलत होते. याचा मुलगा धंद्यात येणार नाही. ह्याने नवी भट्टी कर्जावर घेतलीय. फिर्मिन मनाने सोन्यासारखा, पण हातात पैसा राहिला की बायकोच्या भावाला उसना देऊन मोकळा होतो, त्याच्याकडे दर सोमवारी गेलंच पाहिजे. असं तासभर चाललं. शेवटी म्हणाले, "चार. चाराच्या थोडं वरच, पण चार धर."

"नक्की?"

"मी गेलो नाही तर डबा खाली निघत नाही, पोरी. पत्राला कोण कॉफी पाजतंय?"

मी चार लिहिलं. मनात बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. हिशेबही वाचला आणि माणूसही.

बैठकीला इंगे, मी, सिरील आणि गेंटहून येणारे हिशेब तपासनीस पाउवेल्स. पाउवेल्स यांना प्रत्येक ठिकाणी विनोद करायची खोड. इंगेने सिरीलना विचारायच्या आतच ते म्हणाले, "यांना काय विचारता? खाटकाला विचारायचं का, मटण खाऊ की नको? हे दहा म्हणतील!"

सगळे हसले. मीही हसले, कारण विनोद तसा बरा होता. सिरील हसले नाहीत. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी टेबलावर पडलेला साखरेचा कण बोटाने टिपला.

"तीन," ते म्हणाले.

मला वाटलं, चुकून बोलले. "सिरील, काल तुम्ही चार म्हणालात. मी लिहिलंय इथे."

"काल माझा गुडघा दुखत होता. गुडघा दुखला की मला सगळंच जास्त वाटतं." आता तेच हसले. "तीन लिही, इंगे. तुझ्या वडिलांची मी भाकरी खाल्लीय. स्वतःची खुर्ची राखायला आकडा फुगवणारा मी नाही."

इंगेचे डोळे भरले. तिला वाटलं, केवढा मोठा माणूस! मला मात्र त्यांचा इतका संताप आला की सांगता येत नाही. मी बाहेर गाठून विचारलं, "हे काय केलंत?" ते कोट चढवत म्हणाले, "तू तुझं काम बघ." एवढं तुटक ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. मी इंगेकडेही गेले, खरा आकडा चारच आहे म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "हिल्डे, ज्याचं जातंय तोच तीन म्हणतोय. त्याहून भरवशाची साक्ष कुठली?"

वसंतात नवी पद्धत सुरू झाली. सिरीलना नोकरी सुटल्याची सगळी रक्कम हिशेबाप्रमाणे मिळाली, केक कापला, चांदीचं घड्याळ दिलं.

पहिले काही महिने सगळं झकास. पोती वाढली, ट्रक वाढले. इंगे नीट झोपायला लागली असावी. सिरील मात्र घरी बसेनात. सोमवारी आपल्या स्वतःच्या गाडीतून मागच्या दारांनी जायचे. बेकरीवाले कॉफी द्यायचे आणि डब्याकडे हात नेऊन थांबायचे. पैसे घ्यायचा अधिकार यांना नाही, हे दोघांनाही ठाऊक. मग दोघेही खाली बघत बसायचे. वसुली कंपनीला हे कळलं आणि तिने पत्र धाडलं की गिरणीच्या थकलेल्या पैशांबद्दल त्रयस्थाने गिऱ्हाइकांना भेटू नये. त्रयस्थ! त्यानंतर सिरील यांनी जाणं बंद केलं.

फिर्मिनची पोती निम्मी करणारं आता कोणी नव्हतं. त्याच्याकडे पुरी पोती जात राहिली, दोन महिन्यांचं देणं साठलं, ते तीन महिन्यांवर गेलं, आणि पत्रं न फोडता तो पिठाच्या कोठीत फेकत गेला. शेवटी कोर्टाचा माणूस आला, तो समोरच्या दाराने, रविवारच्या पावासाठी रांग लागलेली असताना. भट्टी, कणीक मळायचं यंत्र, काउंटर, सगळं जप्त झालं. लिलावात मिळालं त्यातून आमच्या वाट्याला जवळपास काही आलं नाही. दुकानावरचं राहतं घरही गेलं. नवराबायको मुलीकडे ओस्टेंडला गेली. तिथे फिर्मिन रात्री दोनला उठून स्वयंपाकघरात बसतो, असं त्याच्या बायकोने मला फोनवर सांगितलं. आणखी काय बोलली, ते मी सिरीलना सांगणार नव्हते. पण तिने आधीच त्यांना फोन केला होता.

असे सतरा दरवाजे बंद झाले. वर्षाचा ताळा मीच मांडला. विक्री अंदाजाबरहुकूम वाढली होती. बुडीत निघालं शंभराला चार आणि वर थोडं, म्हणजे एक लाख एकोणनव्वद हजारांच्या आसपास. जादा नफा, वाचलेला खर्च, सगळं जमेला धरूनही पस्तीस हजारांचा तोटा. इंगेने आकडा दोनदा वाचला आणि म्हणाली, "पण सिरील स्वतः तीन म्हणाले होते." तिच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. ते स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते.

"किती?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"चार पूर्णांक एक."

त्यांचा चेहरा उजळला. मी तो उजेड पाहिला आणि मला त्यांची दया आली. आपला अंदाज त्या वरच्या थोड्यासकट बरोबर आला, या आनंदात दोन क्षण त्यांना बाकी काही आठवलं नाही. मग आठवलं. सुरी खाली ठेवून म्हणाले, "नावं सांग."

मी सांगायला लागले. तिसऱ्या नावाला त्यांनी हात वर केला. "पुरे. फिर्मिनच्या बायकोचा फोन आला होता. म्हणाली, सिरील, तुम्ही सोमवारी यायचं थांबलात आणि आम्ही डब्यात पैसे टाकायचं थांबलो. दोष दिला नाही तिने. नुसतं सांगितलं."

चुलीवरचं पाणी उकळायला लागलं होतं, त्यांनी आच कमी केली.

"मला वाटलं, चार म्हटलं तर ते म्हणतील, म्हातारा स्वतःच्या पोटासाठी बोलतोय," ते म्हणाले. "आणि बोलत होतोच की गं. पोटासाठीच बोलत होतो. पण म्हणून काय ते खोटं होतं?"

मग ते खाली बसले आणि उरलेले बटाटे सोलायला लागले.