खारीचा चुरा कसा पडतो

एकसष्ट-बासष्टच्या हिवाळ्यात मी यवतमाळच्या एका बेकरीत पत्रव्यवहार पाहायचो. शेठनं तेव्हा खारी मेणकागदाच्या पाकिटात भरून नेर, ढाणकी, थेट राजूरच्या खाणीपर्यंत पाठवायला सुरुवात केली होती. मग वर्तमानपत्रात जाहिरात हवी, जाहिरातीत चित्र हवं, म्हणून नागपूरच्या एका चित्रकाराला काम दिलं. तो आला नाही, पाकीट पाहिलं नाही, खारी चाखली नाही. पोस्टानं चित्र मात्र पाठवलं.

चित्रात बशीभर खारी, शेजारी चहाचा कप आणि पाण्याचा पेला. कपातून आगगाडीच्या इंजिनासारखा धूर निघत होता. खारीतूनही वाफ निघत होती. पेल्यावर मण्यांच्या माळेसारखे एकाच मापाचे थेंब. आणि बशीभोवती चुरा इतका बेतानं टाकलेला, की रांगोळीच वाटावी. कच्च्या छपाईत तर त्या चुऱ्याच्या मुंग्या झाल्या. शेठ म्हणाला, "ह्या खारीले मुंग्या लागल्या बाप्पा! त्याले लिहून कळवा, काय काढाचं अन् कसं काढाचं."

कळवायला मला कुठं येत होतं! 'वाफ नैसर्गिक असावी, चुरा स्वाभाविक असावा' एवढं लिहून माझी अक्कल संपली. कागद घेऊन घरी आलो आणि बायकोवर उगाच डाफरलो. लग्नाला वर्ष झालं होतं. ती चौथी शिकलेली, बोलकी. तिनं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"खारीतून वाफ? अहो, गरम खारी पाकिटात भरली तं आतून घाम सुटते तिले. दुसऱ्या दिवशी वातड. हे चित्र पाहून कोण घेईन?"

बेकरीत बसून रोज पाकिटं मोजणारा मी. खारी पुरती निवल्याशिवाय भरत नाहीत हे माझ्या डोळ्यांदेखत चालायचं. पण चित्रातली चूक मला दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चहा केला आणि कप माझ्यापुढं पांढऱ्या भिंतीकडं धरला. "वाफ दिसून राह्यली का?" नव्हती दिसत. मग तिनं तोच कप चुलीमागच्या काजळलेल्या भिंतीपुढं नेला. आता दिसली. पातळ, वर जाता जाता एका अंगाला कलणारी, मध्येच तुटणारी. मी श्वास सोडला की वाकायची. ती म्हणाली, "त्याले सांगा, वाफ काढूच नको. मांगचं काळं काढ अन् वाफेपुरता कागद कोरा ठेव."

पेल्यावरचे थेंब तर तिनं एका वाक्यात पुसले. "माठातल्या पाण्यानं आपल्या पेल्याले कधी थेंब आले का? बरफ टाका, मंग येतीन." थेंब हवेच असतील तर कपातून बशीत चहा ओतताना सांडतात ते घ्या, असं तिचं म्हणणं. एक मोठा, पसरट. त्याच्या आजूबाजूला उडालेले दोन-तीन बारीक, एकासारखा दुसरा नाही. मला तिनं बशीवर ओणवं केलं आणि मोठ्या थेंबात आमची खिडकी दाखवली, तांदळाच्या कणीएवढी. चकाकी तेवढीच, आणि सगळ्या थेंबांत खिडकीच्याच बाजूला.

मग खारी. सुरीनं कापली तर कडा मेल्यासारखी दिसते म्हणाली, आणि हातानं मोडली. चुरा मोडल्या जागेच्या खालीच पडला. जड तुकडे जवळ, पापुद्रे थोडे दूर. भोवताली काही नाही. दोन पापुद्रे तिच्या बोटाला चिकटले, एक माझ्या मिशीत अडकला. "ठिपके नाही द्याचे," ती म्हणाली, "पापुद्र्याची एकच कड काढाची. बाकीचं पाहणाऱ्याले दिसते." तो मिशीतला पापुद्रा तिनं काढला आणि खाऊन टाकला. माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची सकाळ कोणती, असं कुणी विचारलं तर मी हीच सांगीन.

ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. सगळं झाल्यावर ती जरा लाजून म्हणाली, "खाली तुमचं नाव लिवसान तं माझं बी लिवा. मले काही नको. फक्त नाव."

"लिहीन ना," मी म्हणालो.

नाही लिहिलं. बेकरीत बसून पत्र चांगल्या अक्षरात उतरवलं, खाली तिचं नाव घालायला टाक उचलला, आणि शेठचा चेहरा डोळ्यांपुढं आला. बायकोला विचारून पत्र लिहितो म्हणून हा माणूस गावभर माझी टर उडवणार. बास, एवढंच कारण. यापेक्षा मोठं काही असतं तर सांगायला बरं वाटलं असतं.

नवं चित्र आलं. ते पाहून शेठनं स्वतःला खायला खारी मागवली. काही दिवसांनी चित्रकार स्वतः कामानिमित्त यवतमाळला आला आणि पत्र लिहिणाऱ्याला भेटायचं म्हणून माझ्या घरी आला. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. आतल्या दाराशी चहाचा ट्रे घेऊन ती उभी होती, मला दिसत होती.

"इतकी वर्षं चित्रं काढतो," तो म्हणाला, "पण थेंबात खिडकी असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कसं पाहिलंत हो?"

मी दाराकडं पाहिलं. तीही माझ्याकडंच पाहत होती, ओठ अर्धवट उघडे. मी तोंड फिरवलं आणि म्हणालो, "सवय आहे मला निरीक्षणाची."

ती बाहेर आली, ट्रे ठेवला, पदर सावरून आत गेली. पाहुणा गेल्यावर मी काहीबाही बोलत राहिलो. तिनं भांडण केलं असतं तर मी पाय धरले असते, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. तिनं भांडण केलं नाही. रात्री भाकरी वाढली, भाजीत मीठ नीट आहे का एवढं विचारलं.

पुढं त्या चित्रकाराकडून शेवेच्या पाकिटाचं काम आलं. शेव मोडल्यावर कशी पडते, ते लिहून पाठवा. मी शेव घेऊन तिच्यापाशी गेलो. "मले काय समजते त्यातलं," ती म्हणाली, आणि तांदूळ निवडत राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता. मी मग एकटाच बसलो, शेव मोडली, डोळे फाडून पाहिली. तुकडे पडले एवढंच दिसलं. तेच सजवून लिहिलं आणि पाठवलं.

आठवड्यानं संध्याकाळी घरी आलो तर तिनं फडताळातून पोस्टकार्ड काढून माझ्या हातात दिलं. दोनच ओळी होत्या: 'मजकूर पाहिला. हे तुम्ही लिहिलेलं वाटत नाही. पूर्वीसारखं पाहून लिहावं.'

"काय म्हंते?" तिनं विचारलं.

"पसंत पडलं म्हणतो," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मग "बरं झालं" म्हणाली आणि दिवा लावायला उठली. मी हातपाय धुवायला मोरीत गेलो, पाण्याचा तांब्या उचलला आणि तसाच थांबलो. पोस्टकार्ड उघडं असतं. पोस्टमन दुपारी येतो. आणि तिला वाचता येत होतं.