सहावं वाक्य

सुकापूरच्या वसुंधराबाई पंधरा वर्षं दहावीच्या इंग्रजीची शिकवणी घेतात. रीत ठरलेली. आधी देवापाशी दिवा, मग वहीत स्वतः रचलेली पाच वाक्यं, आणि मुलं जमली की प्रत्येक वाक्य दोनदा सांगायचं.

दोन वर्षांपूर्वी बाईंचे यजमान अविनाशराव गेले. अतिदक्षता विभागाच्या बाहेर बाकड्यावर बाईंना चार तास बसवून ठेवलं होतं. आत त्यांनी आपल्याला हाक मारली असेल का, एवढा एकच प्रश्न बाईंच्या जिवाला लागून राहिला. विचारायचं धाडस मात्र झालं नाही.

एका संध्याकाळी वाक्यं कर्मणी प्रयोगात फिरवून लिहायची होती. "दे मेड हिम वेट" याचं "ही वॉज मेड टू वेट". मेक, सी, हिअर असले की साध्या वाक्यात 'टू' नसतो, फिरवलं की तो आणावाच लागतो. बाई सांगून थकल्या, तरी मुलं दरवेळी 'टू' खातातच. "वडापाव कधी विसरत नाही तुम्ही!" असं म्हणत बाईंनी पहिली वही ओढली.

पाच वाक्यांपैकी तिनांत 'टू' गायब. पण खाली सहावं होतं. "ही वॉज हर्ड टू कॉल वसू." बिनचूक.

"अंकिता, हे कुठून आणलंस?"

"तुमीच सांगितलंत ना बाई. द नर्स हर्ड हिम कॉल वसू."

बाईंनी दुसरी वही उघडली. तिसरी. बाराही वह्यांत सहावं वाक्य, आणि एकाचाही 'टू' सुटलेला नाही. बाईंच्या स्वतःच्या वहीत पाचच.

"बाई, वसू कोन?" हृतिकने विचारलं. "कुनाची म्हैस हाय काय?"

पोरं खिदळली. बाई हसल्या नाहीत. त्यांना वसू म्हणणारा एकच माणूस होता.

"मी कधी सांगितलं रे हे?"

"शेवटी. दोनदा. हळूच बोललात, आमाला कान द्यावा लागला," अंकिता म्हणाली.

मुलं गेल्यावर बाईंनी शांती सिस्टरचा नंबर लावला. अविनाशराव गेले त्या दिवशी अतिदक्षता विभागात त्याच होत्या.

"सिस्टर, मी वसुंधरा. ह्यांनी शेवटी हाक मारली होती का हो?"



"तुम्हाला कोणी सांगितलं? मी तर घरीसुद्धा बोलले नाही, मॅडम. डॉक्टरांनी आत कुणाला सोडायचं नाही म्हटलं होतं, म्हणून मी गप्प राहिले. वसू म्हणाले."

"किती वेळा?"

"दोनदा. अगदी हळू."

बाईंनी फोन ठेवला. देवापाशी वारा नव्हता, तरी ज्योत एका बाजूला कलली होती, कुणी शेजारी येऊन बसल्यासारखी. बाईंनी हात जोडले. मग लाल पेन घेतलं आणि बाराही वह्यांत सहाव्या वाक्यापुढे बरोबरची खूण केली.