पिठाच्या डब्यावरचा निरोप

मंदाकाकू उंबरकरांनी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही. कापसाच्या जिनिंगमधली नोकरी सुटून नवरा घरी बसला, तेव्हा बालवाडीत मदतनीस होऊन यांनीच संसार ओढला. आता नवरा नाही, मुलगा शिरीष पुण्याला. तरी दळणाचा डबा स्वतःच काखेत मारून माझ्या गिरणीत येणार. मी हात पुढे केला तर म्हणणार, "माझे हात काय मोडले का?" खामगावात अशी ताठ बाई दुसरी नाही.

त्यांचा जुना फोन बिघडला. शिरीषने नवा धाडला आणि तो निघाला इंग्रजीत. काकूंना इंग्रजीचं अक्षर येत नाही. मग तो मराठीत कसा करायचा, हे शिरीष रोज संध्याकाळी फोन करून समजावू लागला. तो म्हणायचा, चाक दिसतंय का? काकू चाक पाहायला फोन कानापासून दूर न्यायच्या, तोवर तो पुढचं बोलून मोकळा. पुन्हा पहिल्यापासून. गिरणीच्या ओट्यावर बसून काकू हे सांगायच्या आणि चक्क हसायच्या. एरवी मुलाचा फोन फक्त सणावारी यायचा हे मला ठाऊक होतं, त्यामुळे त्या का हसतात हेही कळत होतं.

शेवटी तो कंटाळला आणि त्याने निरोप लिहून पाठवला.

पुढच्या वेळी डबा आला तो झाकणापासून बुडापर्यंत खडूने लिहिलेला. निरोप फोनमध्ये, करायचं तेही फोनमध्येच. एक उघडलं की दुसरं गायब. म्हणून काकूंनी हाताशी होता त्या डब्यावर तो उतरवून घेतला होता. बालवाडीतलं गोल अक्षर:

"आई, दातेरी चाकाचं चित्र दाब. खाली जा. गोलात उभी दांडी आहे ती ओळ दाब. मग पृथ्वीच्या गोलाची ओळ दाब. बेरजेचं चिन्ह दाब. यादीत मराठी हे मराठीतच लिहिलेलं दिसेल, ते दाब. मग त्याच्या उजवीकडच्या आडव्या रेषांवर बोट दाबून धर आणि मराठीला इंग्रजीच्या वर ओढ. काही विचारलं तर उजवीकडचं दाब. घाबरू नको. शिरीष."

"जमलं का मग?" मी विचारलं.

"नाही ना बाई."

मला खरं वाटलं. संध्याकाळी गिरणी बंद करून त्यांच्या घरी गेले आणि म्हटलं, आणा इकडे, मी करते. त्या नको नको म्हणत असताना मी फोन उचललाच. वरचं घड्याळ मराठी आकड्यांत, सगळ्या ओळी स्वच्छ मराठीत.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पदराने उगाच ओटा पुसला.

"पहिल्याच खेपेला जमलं होतं, रत्ने. त्याले सांगू नको. झालं म्हटलं असतं तर फोन बंद झाला असता."

मला राग आला. काकूंचा नाही. इतका नीट, इतका समजून-उमजून निरोप लिहिणाऱ्या पोराला आईशी बोलायला फोन बिघडावा लागतो, याचा.

तेवढ्यात त्याचाच फोन आला. जन्मभर कुणापुढे हार न मानलेली ती बाई फोन कानाला घट्ट धरून, समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणत होती, "हो, चाक दिसलं. गोल? नाही रे, गोल नाही दिसत." बोलणं संपल्यावर त्यांचा चेहरा उजळला. तो रविवारी स्वतः येऊन करून देणार होता.

शनिवारी काकूंनी पुरणाची डाळ निवडली. आणि फोनमधल्या इंग्रजीला बोटाने धरून पुन्हा मराठीच्या वर नेऊन ठेवलं. मुलगा आल्यावर त्याला काम हवं ना.

रविवारी माझी गिरणी बंद असते. दुपार कलल्यावर दार वाजलं. काकू उभ्या होत्या, पुरणपोळीचा डबा आणि फोन घेऊन. त्यांनी फोन पुढे केला. शिरीषचा नवा निरोप होता: "आई, काम निघालं, येणं होत नाही. शेजारच्या रत्नाताईंना सांग, त्या दोन मिनिटांत करून देतील."

"तूच करून दे," काकू म्हणाल्या.

त्यांना डोळे मिटूनही आलं असतं, हे दोघींना माहीत होतं. मी त्यांना खुर्ची दिली. शिरीषचा पहिला निरोप काढला आणि मोठ्याने वाचायला लागले, "आई, दातेरी चाकाचं चित्र दाब."

"सावकाश वाच," त्या म्हणाल्या. "त्यानं लिहिलं तसंच."

मी सावकाश वाचलं. शेवटच्या 'घाबरू नको' पर्यंत. मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला सांगितलं.