दिवसाला तीस रुपये

माझ्या सुनेनं तेलगावात बायांसाठी जिम काढली. सकाळी आणि संध्याकाळी फक्त बायाच. बाया आल्या न्हाईत तर शटर बंद करावं लागंल, हे ती रोज मला पोळ्या लाटताना सांगायची. महिन्याची फी नऊशे. नऊशे म्हणलं की बाया फोनच ठेवतात, असं तिचं म्हणणं. मग तिनं मोबाईलवर पोस्ट टाकली, मोठ्या अक्षरात: 'फक्त तीस रुपये रोज'. खाली बारीक अक्षरात 'महिना नऊशे', ते माझ्या चष्म्यालाही दिसेना.

फोन लई आले. सूनबाई खूष.

बाजाराच्या दिवशी मी तिथंच बसले होते. शेजारच्या गावची एक बाई आली, हातात भाजीची पिशवी. तिनं दहाच्या तीन नोटा टेबलावर ठेवल्या. दर बाजाराला येत जाईन म्हणाली, गुडघे आखडतात. आमच्याकडं बाजारात हीच रीत, आज घेतलं त्याचे आज पैसे द्यायचे. गिरणीवर दळणाचेही तसेच. तिचं काय चुकलं?

सुनेनं समजावलं की पूर्ण महिन्याचे नऊशे आधी भरायचे, रोज या नाहीतर नका येऊ. बाईनं नोटा उचलल्या.

"मंग पोरी, तीस कावून लिहिलं? मी महिन्यात चारदा येणार. मला एका खेपेला सव्वादोनशे पडंल."

रागानं म्हणाली न्हाई, पण म्हणाली. सून ओशाळली. मीच मधे पडले, आज फुकट करून जा म्हणलं. बाई हसली, पदर खोचून तासभर सायकलवर बसली.

ती गेल्यावर सून म्हणाली, "आत्याबाई, आता नऊशे मोठं लिहिलं की कोणी फिरकायचं न्हाई."

"तीस काढू नगं," मी म्हणलं. "नऊशेच्या शेजारी ठेव, त्याच अक्षरात. आन रोज आलं तरच तीस पडतात, ते पण लिही."

तिनं जुनी पोस्ट काढून टाकली. नवी अशी झाली: 'महिना नऊशे रुपये, सुरुवातीला एकदम भरायचे. तीस दिवस रोज आलात तर दिवसाला तीस पडतात. सुट्टी घेतली तरी फी तीच. वेगळी प्रवेश फी नाही.'

फोन कमी झाले, हे खरं. पण ज्या आल्या त्या नऊशे घेऊनच आल्या, दारात हुज्जत न्हाई. पुढच्या बाजाराला ती बाई परत आली. सोबत तिची नणंद, तेलगावातच राहणारी. "ही रोज येईल," म्हणाली, "हिला तीसच पडतील."

मी त्या बाईपुढं चहा ठेवला. नणंदेचा सायकलवर नंबर येईस्तोवर आमच्या गुडघ्यांच्या गप्पा झाल्या.